सोडियमच्या आगीपुढे ‘एबीसी’ सिलिंडर

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील अग्निशमन साधने चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र साधन चालू असणे पुरेसे नाही. भिंतीवर सहसा ‘एबीसी’ पावडरचा सिलिंडर असतो आणि कपाटात केरोसीनमध्ये बुडवलेले सोडियमही असते.

टोल्युइन कोरडे करण्यासाठी त्यात सोडियम घालतात. उरलेले सोडियम नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल थेंबाथेंबाने घालून संपवायचे असते. घाईत अल्कोहोल जास्त पडले की हायड्रोजन आणि उष्णता झपाट्याने निघते, टोल्युइन पेटते. खाली विजेवर चालणारा स्टरर असतो. म्हणजे द्रावक, धातू आणि वीज अशा तिन्ही आगी एकाच टेबलावर.

आगीजवळ न जाता मेन स्विच बंद करता आला, तर विजेचा प्रश्न तिथेच संपतो. नुसते टोल्युइन पेटले असते तर कार्बन डायऑक्साइड किंवा पावडर चालली असती. पाणी नको; टोल्युइन त्यावर तरंगत पसरते. पण इथे सोडियम आहे. कार्बन डायऑक्साइडचा जोरदार झोत त्याचे पेटते तुकडे उडवतो आणि तापलेले सोडियम त्या वायूशीही अभिक्रिया करते. ‘एबीसी’ पावडर वितळून लाकडाला जसे आवरण घालते, तसा भरवशाचा थर सोडियमवर धरत नाही. ज्वाळा बसल्यासारखी वाटते, पण पिवळा उजेड आणि दाट पांढरा धूर चालूच असेल, तर धातू अजून जळतो आहे. हा धूर दाहक असतो. डोळे आणि घसा भाजतो.

त्यासाठी मिठावर आधारित ‘डी’ वर्गाची पावडर हवी. ती हळुवार, जाड थराने टाकायची आणि धातू थंड होईपर्यंत उकरायची नाही. तीही सांडलेल्या द्रावकाची आग नीट विझवत नाही, ही तिची मर्यादा. म्हणून आग भांड्यापुरती असेल तर धातूचे झाकण ठेवणे सर्वांत बरे. टेबलावर पसरली, तर दार ओढून बाहेर पडावे आणि १०१ ला फोन करावा. लिथियमसाठी ग्रॅफाइटची पावडर लागते; वाळूतली सिलिका पेटत्या लिथियमशी अभिक्रिया करते.

अक्षरांचाही घोळ आहे. अमेरिकी लेबलवर ‘सी’ म्हणजे विजेची आग, आपल्याकडे ‘सी’ म्हणजे वायूची. त्यामुळे परदेशी तक्ता पाहून सिलिंडर मागवू नये.

वाळूची बादलीही तपासावी. ती बहुतेकदा सिंकजवळ ठेवलेली असते आणि वाळू दमट होते. दमट वाळू पेटत्या सोडियमवर टाकणे म्हणजे पाणी टाकणेच.