चार ओळी पुरेशा आहेत

स्नेहसंमेलनात सहा वर्षांच्या बालकाकडून पाच कडव्यांची कविता म्हणवून घेण्याचा अट्टहास आपण सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चार ओळी पुरेशा आहेत. पुण्यातील मुलांसाठी रचलेल्या या ओळी पाहाव्यात :

पर्वतीवर चढू या,
अवघे पुणे पाहू या,
ढगाला हात लावू या,
खाली येऊन बसू या.

प्रत्येक ओळीत आठ अक्षरे आहेत. पाच अक्षरांनंतर किंचित थांबावे. उरलेल्या तीन अक्षरांत क्रियापद येते. हावभावही तेथेच करावा : पाय उचलणे, कपाळाशी हात धरून पाहणे, हात उंचावणे. शब्दाआधीच हात हलला, की मूल हाताकडे पाहू लागते आणि पुढची ओळ विसरते. म्हणून प्रथम टाळीच्या ठेक्यावर केवळ शब्द म्हणवून घ्यावेत. ते न अडखळता आले, की मगच हावभाव जोडावेत.

शेवटच्या ओळीत मात्र एक दक्षता हवी. बोलता बोलता मूल बसले, तर त्याचे तोंड ध्वनिक्षेपकाच्या खाली जाते आणि ‘बसू या’ हे शब्द सभागृहास ऐकू येत नाहीत. ते उभ्याने म्हणावेत, मग बसावे.