बाजाराच्या आधी

१९८३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावी शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना धानात वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्यांचं बी त्यांनी वर्षानुवर्षं निवडून वाढवलं; नंतर व्यापाऱ्यांनी ते ‘एचएमटी’ नावाने विकलं. नवकल्पनांचे अभ्यासक एरिक फॉन हिप्पेल १९८६ पासून हेच सांगतात: नवं काही शोधायचं तर ज्याला गरज इतरांआधी टोचते त्याच्याकडे जा.

हिंगोलीत असा माणूस हळद शिजवण्याच्या हंगामात शोधावा. कढईत तळाचे कंद जास्त शिजतात, वरचे कच्चे राहतात. ज्याची हळद भरपूर आणि मजूर कमी, तो स्वतःच ड्रमला वाफेची नळी जोडून बघतो. त्याचं मत विचारू नका. वेल्डिंग दुसऱ्यांदा कुठे करावं लागलं ते पाहा. शेजाऱ्याने तसाच ड्रम मागितला का, तेही विचारा. नाहीतर अडचण त्या एकट्याचीच असू शकते.