अदृश्य होणारा ट्रक

भिवंडीत राहणाऱ्या माणसाने विरंगुळा म्हणून वाहतूक-कोंडीचा खेळ खेळावा, हे ऐकून आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला होता. अंजूरफाट्यावर पाऊण तास अडकून मग वर्गात छंदशास्त्र शिकवायला उभे राहायचे, आणि घरी जाऊन संगणकावर पुन्हा ट्रकच मोजत बसायचे, यात त्यांना काहीतरी वैद्यकीय दिसले असावे. आम्हां दोघांना मात्र सायंकाळी हेच आवडते. घाई नको, शत्रू नको, गुण नकोत; एखादी व्यवस्था समोर असावी आणि ती हळूहळू सुधारत न्यावी, इतकीच आमची अपेक्षा.

'संथ' म्हणून नावाजलेले सगळे खेळ संथ असतातच असे नाही. 'स्टारड्यू व्हॅली' (२०१६) हा शेतीचा खेळ फार शांत असल्याची ख्याती आहे. वास्तविक त्यात सकाळी सहा ते रात्री दोन असा एक दिवस आपल्या घड्याळाच्या चौदा-एक मिनिटांत सरतो, ऋतू अठ्ठावीस दिवसांत पालटतो, आणि ऋतू पालटला की शेतात उभे असलेले बहुतेक पीक मरते. बारा दिवसांचा फ्लॉवर एकोणिसाव्या दिवशी लावणाऱ्याला जे वाटते ते पेरणी हुकलेल्या शेतकऱ्यालाच ठाऊक. खेळ गोड आहे, पण त्याला निवांत म्हणणे बरोबर नव्हे.

आमचा कौल 'सिटीज: स्कायलाइन्स'ला. फिनलंडच्या कलोसल ऑर्डर या छोट्या चमूने केलेला हा खेळ २०१५ च्या मार्चमध्ये आला. (त्याचा दुसरा भाग २०२३ मध्ये निघाला, आम्ही पहिल्याविषयीच बोलतो आहोत.) त्याचे मोठेपण एका साध्या सोयीत आहे : काळ थांबवता येतो आणि थांबलेल्या काळात रस्ते बांधता येतात, मोडता येतात, पुन्हा बांधता येतात. शेवट नाही, मुदत नाही. नवे नगर सुरू करताना वाहने डावीकडून चालवण्याचा पर्याय निवडावा, म्हणजे चौकातली अवघड वळणे आपल्याकडच्यासारखी उजवीकडची होतात आणि डोळ्यांना नीट उमगतात.

आमच्या एका नगराचीच गोष्ट सांगतो. महामार्गावरून उतरणारा एकच फाटा, त्यापुढे चौपदरी रस्ता, त्याच्या एका बाजूला कारखाने आणि पलीकडे दुकाने व घरे. लोकवस्ती बारा हजारांच्या आसपास गेली आणि ट्रकांची रांग थेट महामार्गावर उभी राहिली. आम्ही कोणत्याही नगरपित्याने केले असते तेच केले : रस्ता सहापदरी केला. रांग होती तेवढीच राहिली. थोडे जवळून पाहिले तेव्हा विलक्षण दृश्य दिसले. आपल्या दिशेच्या तिन्ही पदरांपैकी दोन जवळजवळ रिकामे होते आणि सारे ट्रक एकाच पदरात मुंगीच्या शिस्तीने उभे होते.

याचे कारण खेळाच्या घडणीत आहे. येथील प्रत्येक वाहन निघतानाच आपला संपूर्ण मार्ग ठरवून घेते, आणि पुढच्या वळणाला जो पदर लागेल त्यात आधीपासून जाऊन उभे राहते. पुढे कोंडी आहे म्हणून ते वाट बदलत नाही. सर्वांना पहिल्याच चौकात उजवीकडे वळायचे असेल तर रस्ता दहापदरी करूनही उपयोग शून्य. म्हणून कोंडी दिसली की प्रथम काळ थांबवावा, गुंतलेल्या रस्त्यावर क्लिक करावे, आणि त्यावरून जाणाऱ्यांचे मार्ग पाहावेत. आम्ही ते पाहिले तेव्हा आमचा समज चुकीचा निघाला. ते ट्रक कारखान्यांचे नव्हतेच. बरेचसे बाहेरून दुकानांसाठी माल आणत होते आणि कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या ट्रकांना पहिल्याच चौकात आडवे जात होते. त्यात खेळाने आपणहून बसवलेला सिग्नल.

मग एक संपूर्ण संध्याकाळ काळ थांबवून बसलो. फाटा आणि पहिला चौक यांच्यामधली तीन छोटी वळणे काढून टाकली आणि चौकच पुढे सरकवला. कारखान्यांना त्यांच्या मागच्या टोकाकडून महामार्गावर जायची स्वतंत्र वाट दिली. सिग्नल बंद केला. काळ सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे काहीच घडले नाही, कारण जुन्या मार्गावर निघालेली वाहने जुन्याच वाटेने येत राहतात. येथे पुष्कळजण धीर सोडून आणखी एक उड्डाणपूल बांधतात. आम्ही थांबलो, रांग हळूहळू आखडत गेली.

आता आमची खरी तक्रार. या खेळात फार वेळ अडकलेले वाहन चक्क अदृश्य होते. मालासकट, चालकासकट. नगर गुदमरू नये म्हणून ही दया केलेली आहे, पण त्यामुळे वाहतूक किती सुरळीत आहे हे सांगणारी टक्केवारी खोटी पडते : ट्रक पोहोचला म्हणूनही रस्ता मोकळा दिसतो आणि ट्रक नाहीसा झाला म्हणूनही. फरक ओळखायचा तर दुकानांवर पाहावे. रस्ते मोकळे आणि तरी दुकानांना माल नाही अशी खूण उमटू लागली, तर ट्रक पोहोचत नाहीत, विरघळत आहेत. 'ट्रॅफिक मॅनेजर: प्रेसिडेंट एडिशन' ही खेळाडूंनी तयार केलेली जोड घालून ही दया बंद करता येते. आम्ही केली. ऐंशीच्या घरात मिरवणारे आमचे नगर साठीच्याही खाली आले, आणि एका वर्तुळाकार चौकात वाहने एकमेकांच्या शेपटीत अशी अडकली की कुणालाच हलता येईना. म्हणून आधी नगर जतन करून ठेवावे. तशी गाठ पडली तर रस्त्याचा तुकडा मोडण्यावाचून इलाज नसतो. त्यावरची वाहने मग नाहीशी होतातच! दया मागच्या दाराने परत येते, पण निदान ती आपल्या हातून झालेली असते.

आम्हांला ही जोड घालूनच खेळणे योग्य वाटते, आणि त्यामागे आमचे गाव आहे. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून भिवंडीच्या आसपासच्या ग्रामपंचायतींत गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी जकात गेली, गोदामे राहिली आणि वाढली. मानकोली, अंजूर, राजणोली या नाक्यांवर बाहेरचा माल, कापडाचे टेम्पो आणि कल्याणचा प्रवासी एकाच चौकात एकमेकांना आडवे जातात. आमच्या नगरातला तोच पहिला चौक. ठाण्यात अवजड वाहनांना ठरावीक वेळीच प्रवेश असल्यामुळे ट्रक कडेला लागून वेळ होण्याची वाट पाहतात. तो ट्रक विरघळत नाही. त्याखाली स्टोव्ह पेटतो, क्लीनर भात शिजवतो, चालक केबिनमध्ये झोपतो.

परवा त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना आम्ही आमचे नगर दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहून विचारले, "आणि हे सगळे थांबवता येते म्हणता?" आम्ही थांबवून दाखवले. ते पडद्याजवळ वाकले, रांगेतले ट्रक एकेक मोजू लागले, आणि चौतिसापाशी थांबून म्हणाले, की कारखान्यांची ती मागची वाट अजून थोडी अलीकडून काढायला हवी होती.