कळीचं तोंड तीन इंच

आमच्या बल्लारपुरात शिवणकाम करणाऱ्या बायकांकडे गेलात, की पहिला प्रश्न येतो, ‘फोटो आहे का?’ फोटो असला की काम सोपं, नसला की हात वर. मला यात एक गफलत दिसते. कपडा कसा दिसतो ते फोटो सांगतो. तो कसा कापला, कापडाची उभी बाजू कुठे लावली, टाका पुढून घातला की मागून, यातलं काहीच तो सांगत नाही. मोहल्ल्यातल्या एका बाईच्या कुर्त्यावरून हे लिहिते आहे.

तिच्या अम्मीचा पांढऱ्या मलमलचा कळीदार कुर्ता होता. अम्मीच्या इंतकालनंतर तो मोठ्या बहिणीकडे, काझीपेटला गेला. इकडे फक्त फोटो होता, आणि मोबाईल बिघडल्यावर तोही गेला. लेकीच्या निकाहला तसाच कुर्ता शिवायचा होता. आपाकडे बटणांचा साधा फोन. कुर्ता इतका विरलेला, की पोस्टाने पाठवायला ती तयार नव्हती. राहिलं ते बोलणं. एका टोकाला आपा कुर्ता आणि टेप घेऊन बसलेली, दुसऱ्या टोकाला आमची शिवणाऱ्या खाला, आणि वहीत लिहायला मी.

आपाने सुरुवात ‘बहुत प्यारा है, बारीक फूल हैं’ इथून केली. शाळेतली मुलं निबंधात ‘निसर्गरम्य’ लिहितात, त्यातलाच हा प्रकार. खालांनी तिला थांबवून आधी कापड विचारलं. मलमल म्हणजे किती पातळ? एक पदर वर्तमानपत्रावर ठेव, बारीक अक्षर वाचता येतं का? येत होतं. मग सुईच्या टोकाने पाव इंचातले दोरे मोजायला लावले. वीस भरले. दुकानात जाऊन ‘चांगली मलमल द्या’ म्हणण्यापेक्षा हे दोन जवाब जास्त कामाचे आहेत.

कळीदार कुर्त्याची बांधणी जुनी आणि हिशेबी आहे. मधोमध एक सरळ पाट, खांद्यावर दुमडलेला, म्हणून खांद्याला शिवण नाही. पाटाच्या बाजूंना कळ्या, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद तुकडे. बाही सरळ पाटाला जोडलेली. आणि काखेत चौबगला, एक छोटा चौकोन, ज्यामुळे हात वर केला तरी कुर्ता ओढला जात नाही. मौलवी जफरुर्रहमान देहलवींनी पेशेवरांच्या शब्दांची जी फरहंग केली आणि अंजुमन तरक्की-ए-उर्दूने छापली, तिच्यात शिलाईचेही शब्द आहेत. एकेक शब्द एकेका तुकड्याचं नाव. हे शब्द येत असले तर अर्धा कुर्ता फोनवर सांगता येतो.

आपाने मापं दिली. लांबी ३८. पाटाची रुंदी १४. मुंढा ८. कळीचं तोंड वर ३, खाली ८. कळ्या दोन. चौबगला सवाचार.

खालांनी वही माझ्याकडून घेतली आणि म्हणाल्या, ‘गलत है.’ पाट पुढे १४, मागे १४, मिळून २८. दोनच कळ्या असतील तर खालचा घेर २८ अधिक १६, म्हणजे ४४. ‘पूर्ण घेर मोज.’ आपाने मोजला, ६० भरला. म्हणजे कळ्या चार होत्या. एका बाजूच्या दोन मोजून ती थांबली होती. चार कळ्या धरल्या की छातीचा हिशेबही बसतो, २८ आणि चार वेळा ३, एकूण ४०.

आता चौबगला. या चौकोनाच्या दोन बाजू पुढच्या आणि मागच्या कळीच्या तोंडाला शिवल्या जातात, उरलेल्या दोन बाहीला. म्हणून कळीचं तोंड आणि चौबगल्याची बाजू सारखीच असायला हवी. तोंड तीन इंच, तर चौबगला सवाचार कसा? खालांनी विचारलं, ‘आडवा मोजलास की कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत?’ काखेत तो दुमडलेला असतो, त्रिकोणासारखा दिसतो, म्हणून आपाने दुमड मोजली होती. तीन इंचाच्या चौकोनाचा कर्ण सवाचारच्या जवळच येतो. मी आठवीला हे गणित फळ्यावर बघितलंय, पण त्याचा काखेशी संबंध कुणी लावून दिला नव्हता.

फोटोची बाजू घेणाऱ्यांना मी हेच सांगते. मापं एकमेकांना पकडतात. एक चुकलं की दुसरं ओरडतं. फोटोत दोन कळ्या दिसल्या असत्या, तर आम्ही दोनच शिवल्या असत्या.

कापणी अशी ठरली. मुंढ्याखाली कळीची लांबी ३०. शिलाईचा अर्धा-अर्धा इंच धरून कळी वर ४, खाली ९. म्हणून १३ इंच रुंद पट्टा घ्यायचा, एका टोकाला डावीकडून ४ वर खूण, दुसऱ्या टोकाला डावीकडूनच ९ वर, आणि दोन्ही खुणा जोडून तिरकं कापायचं. दोन सारख्या कळ्या निघतात, चिंधी उरत नाही.

आता प्रत्येक कळीला एक बाजू सरळ, एक तिरकी. कोणती कुठे? आपाला बगलेखालची शिवण उजेडात धरून दोरे बघायला सांगितले. दोरे शिवणीला समांतर होते, म्हणजे सरळ बाजू सरळ बाजूला, आणि तिरकी पाटाला. हे लिहून ठेवलं नाही तर तिरक्या बाजू एकमेकींना जोडल्या जातात, आणि चार धुण्यांत कुर्ता बगलेकडून लोंबतो. तिरकी बाजू तशीही अर्धा इंचभर लांब भरते, त्यामुळे कुर्ता रात्रभर टांगून मग दामन सारखं कापून तुरपाई करायची. नवी मलमल कापण्याआधी भिजवायची, कारण आपाने मोजलेला कपडा वर्षानुवर्षं धुतलेला होता.

राहिलं गळ्याचं भरतकाम. आपा म्हणाली, पानांच्या कडेने उलट टीप आहे आणि आत धुरकट पांढरं. फोटो असता तर कुणीही कडेने उलट टीप घालून आत दुसरं काही भरलं असतं. खालांनी कुर्ता उलटा करायला सांगितला. मागे दोरे एकमेकांना छेदत होते, माशाच्या काट्यासारखे. म्हणजे चिकनवाल्यांची उलटी बखिया. सुई मागच्या बाजूने चालते, पुढे दोन्ही कडांना टाके दिसतात, आणि मागचे दोरे कापडातून सावलीसारखे उमटतात. म्हणूनच पहिला प्रश्न कापडाचा होता. पॉपलिनवर हेच काम केलं तर सावली दिसतच नाही. पान सव्वा इंच लांब, मधोमध जेमतेम पाऊण इंच रुंद, एका इंचात बारा टाके, दोन पानांत बोटभर जागा. आपाने सगळं मोजलं.

पानाची वळण मात्र आकड्यांत नीट येईना. शेवटी आपाने त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने पान उतरवलं आणि लिफाफ्यातून पाठवलं, सोबत शिवणीच्या आतला दोऱ्याचा एक तुकडा. त्या कागदावर एकच पान होतं, आणि बाजूला उर्दूत लिहिलेलं, ‘ऐसे इक्कीस.’