तक्रारीची सोय आहे, पण तक्रारदाराचं काय?

आपल्या एमआयडीसीत शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे कारखाने आहेत, आपली कितीतरी पोरं तिथं कामाला जातात. आत घोटाळा दिसला तर सांगायचं कुणाला, असं कुणी विचारलं की "व्हिसलब्लोअर कायदा आहे ना" म्हणून लोक मोकळे होतात. तो २०१४ चा कायदा सरकारी कारभारातल्या तक्रारींसाठी आहे, आणि संसदेत मंजूर होऊनही अजून लागू झालेला नाही.

कंपनीतल्या माणसाच्या कामाचं आहे ते २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १७७. नोंदणीकृत कंपनीला 'व्हिजिल मेकॅनिझम' ठेवावीच लागते, आणि गरज पडली तर कर्मचाऱ्याला थेट ऑडिट कमिटीच्या अध्यक्षाकडे जाता आलं पाहिजे. खरी मेख इथंच आहे. समजा, भंगाराची गाडी काट्यावर दहा टन भरली आणि बिल सात टनांचं निघालं, अन् त्या बिलावर सही प्लांट हेडची. मग तक्रार प्लांट हेडकडे करून काय उपयोग? कंपनीच्या वेबसाइटवर हे धोरण टाकावंच लागतं. त्यात पत्ता शोधायचा. तारीख, गाडी नंबर, काटापावती आणि बिल नंबर एवढंच लिहायचं. संशय कुणावर, हे कमिटीला ठरवू द्या.

निनावी तक्रारीचंही काही होतं. इन्फोसिसमध्ये २०१९ साली दोन निनावी पत्रं ३० सप्टेंबरला एका संचालकाच्या हाती पडली, १० ऑक्टोबरला ऑडिट कमिटीपुढे गेली. लोकांना कळलं ते २१ ऑक्टोबरला, बातम्यांमधून. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे १६ टक्के पडला. बाहेरचे वकील आणि तपासनीस नेमून चौकशी झाली, आणि जानेवारी २०२० मध्ये कमिटीनं सांगितलं की आरोपांना पुरावा नाही. तपास झाला हे महत्त्वाचं, पण ती इन्फोसिस होती, सगळ्या देशाचं लक्ष होतं.

मला खटकतं ते वेगळंच. वारंवार फालतू तक्रारी केल्या तर तक्रारदारावर कारवाई, ताकीदसुद्धा, हे नियमात स्पष्ट लिहिलंय. उलट तक्रारदाराची बदली केली, पगारवाढ अडवली, तर त्यानं दाद कुठं मागायची? कलम नुसतं "पुरेसं संरक्षण" म्हणून थांबतं. सेबीनं इनसायडर ट्रेडिंगची माहिती देणाऱ्याला नोकरीवरून काढणं, पदावनती, छळ या सगळ्यापासून नाव घेऊन संरक्षण दिलंय, बक्षीसही ठेवलंय. भंगाराच्या काट्यावरच्या माणसाला ते का नाही?

वार्षिक अहवालात दरवर्षी एक वाक्य असतं, कुणालाही ऑडिट कमिटीकडे जाण्यापासून अडवलेलं नाही. तुमच्याकडे त्या कंपनीचे चार शेअर असतील तर सभेत विचारा: यंदा किती तक्रारी आल्या, आणि त्यातले किती तक्रारदार अजून त्याच खात्यात आहेत?