‘की’ म्हणजे ‘दॅट’ नव्हे

इंग्रजीच्या तासाला एक समीकरण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे: ‘की’ म्हणजे ‘दॅट’. त्याला जोडून दुसरंही ऐकू येतं: हा ‘दॅट’ लिहिला काय आणि न लिहिला काय, सारखंच. जुन्नरच्या पूर्व भागात, निमगाव सावा आणि बेल्ह्याच्या पट्ट्यात, मराठी माध्यमाच्या आठवी-नववीच्या मुलांच्या वह्या मी बरीच वर्षं पाहतो आहे. त्या वह्यांवरून मी ठामपणे म्हणतो की यातलं पहिलं विधान चूक आहे आणि दुसरं अर्धवट. मुलांच्या हातून होणाऱ्या ठरावीक चुका त्यांच्या आळसातून येत नाहीत, या दोन विधानांतून येतात.

पहिल्या विधानाची परीक्षा एका वाक्यावर करू. ‘बाईंनी मला विचारलं की तू कुठे राहतोस?’ याचं इंग्रजी करायला सांगितलं की दहांतली बरीच मुलं लिहितात: ‘टीचर आस्क्ड मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह?’ हवं असतं ते ‘द टीचर आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड’. आपण वाक्यावर लाल रेघ मारतो आणि बरोबर वाक्य वर लिहून देतो. पण मुलानं तर शिकवलेलंच केलं आहे. त्याला ‘की’ दिसला, त्यानं ‘दॅट’ ठेवला. पुढे मराठीत प्रश्न होता, त्यानं इंग्रजीत प्रश्न ठेवला. त्याचं तर्कशास्त्र चोख आहे, त्याच्या हाती दिलेलं सूत्र मात्र खोटं आहे.

मराठी ‘की’ हा फार उदार शब्द आहे. त्याच्या मागून विधान येतं, प्रश्न येतो, आज्ञा येते, बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे येतात. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’, ‘तिनं विचारलं की बस गेली का’, ‘आजोबांनी सांगितलं की लवकर निघ’ ही तिन्ही वाक्यं आपण सहज बोलतो. आपल्या व्याकरणकारांनी ‘की’ला स्वरूपबोधक उभयान्वयी अव्यय म्हटलं ते योग्यच आहे: आधी जे म्हटलं त्याचं स्वरूप पुढे येतंय, एवढंच तो सांगतो. ते स्वरूप कोणत्या प्रकारचं असावं, याची अट तो घालत नाही.

इंग्रजी ‘दॅट’ ही अट घालतो. त्याच्या मागे फक्त विधान चालतं. प्रश्न आला की ‘दॅट’ बाजूला होतो आणि ‘व्हेअर’, ‘व्हेन’, ‘व्हाय’, ‘हू’ यांपैकी जो प्रश्नशब्द असेल तोच दोन वाक्यांचा जोड होतो. एका जोडाच्या जागी दोन शब्द बसत नाहीत, म्हणून ‘दॅट व्हेअर’ चालत नाही. शिवाय प्रश्न पोटात गेला की त्याचा प्रश्नार्थक क्रम मोडतो: ‘डू यू लिव्ह’मधला ‘डू’ गळतो, ‘व्हेअर इज ही’चं ‘व्हेअर ही इज’ होतं. आज्ञा असेल तर वाक्याचा साचाच बदलतो: ‘ही टोल्ड मी टु लीव्ह अर्ली’. मराठीतल्या एका ‘की’साठी इंग्रजीत अशा तीन वेगळ्या वाटा आहेत. ‘की म्हणजे दॅट’ असं म्हणणारा शिक्षक त्यांतल्या दोन वाटा मुलाला दाखवतच नाही, आणि पुढे दहावीला ‘इनडायरेक्ट स्पीच’चा प्रश्न आला की मूल तिथेच अडतं.

‘की’चं आणखी एक रूप याहून जास्त फसवतं. ‘तो येणार की नाही, मला माहीत नाही.’ इथला ‘की’ जोडणारा नाही, पर्याय सांगणारा आहे. ‘चहा की दूध’मधला. पण सूत्र पाठ केलेलं मूल दोन्हींत फरक करत नाही आणि लिहितं: ‘आय डोन्ट नो दॅट ही विल कम ऑर नॉट’. इथे ‘दॅट’ला जागा नाही, ‘व्हेदर’ हवा. हो-नाही उत्तराचा प्रश्न पोटात गेला की त्याचा जोड ‘व्हेदर’ होतो. प्रश्नात ‘कुठे’ किंवा ‘केव्हा’ असता तर तो शब्दच जोड झाला असता. तो नाही, म्हणून ‘व्हेदर’ची गरज.

यावर एक पूर्वपक्ष लगेच उभा राहतो, आणि तो मांडणारी माणसं जाणकार आहेत. ते म्हणतात, हा सगळा घोळ मराठी मध्ये आणल्यामुळे होतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे दिवस गेले, राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, आता इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवा. मला हे पटत नाही. घोळ मराठीमुळे होत नाही, मराठीकडे अर्धवट पाहिल्यामुळे होतो. मूल घरी, शेतात, एसटीत मराठीच बोलतं. ती त्याच्या डोक्यातून बाहेर काढता येत नाही, पण तिच्यावर नीट बोट ठेवता येतं.

‘व्हेदर’ आणि ‘इफ’चंच पाहा. दोन्ही चालतात असं पुस्तक सांगतं आणि बहुतेक ठिकाणी ते खरंही आहे. पण ‘टेल मी इफ द रेट फॉल्स’ या वाक्याचे दोन अर्थ निघतात, हे इंग्रजीतून समजावताना शिक्षकाची दमछाक होते. मराठीत तेच एका श्वासात कळतं. आळेफाट्याला कांदा घेऊन गेलेल्या मुलाला बाप फोनवर सांगतो, ‘भाव पडला तर कळव’. पडला नाही, तर फोन करायची गरज नाही. ‘भाव पडला का ते कळव’ असं म्हटलं, तर पडो न पडो, फोन यायलाच हवा. आपली ‘तर’ आणि ‘का ते’ ही रचना जो फरक करते, तो इंग्रजी ‘इफ’ करत नाही; ‘व्हेदर’ करतो. हे एकदा दाखवलं की मूल दुसऱ्या अर्थासाठी ‘व्हेदर’ स्वतःहून निवडतं. ‘डिपेन्ड्स ऑन’मधल्या ‘ऑन’सारख्या शब्दयोगी अव्ययानंतर आणि वाक्याच्या आरंभी ‘व्हेदर’च लागतो, ‘इफ’ नाही, हे मग वेगळं सांगायचं तेवढं राहतं.

आता दुसऱ्या विधानाकडे. ‘दॅट’ गाळता येतो, हे खरं. ‘व्हेदर’ आणि प्रश्नशब्द मात्र कधीच गाळता येत नाहीत, कारण त्यांच्यात अर्थ आहे. ‘व्हेअर’ काढला तर ‘कुठे’च गेलं. ‘दॅट’मध्ये वेगळा अर्थ नाही, तो फक्त खूण आहे: इथून आतलं वाक्य सुरू. म्हणून प्रश्न एवढाच उरतो की त्या खुणेशिवाय ऐकणाऱ्याला वाट सापडते का.

‘आय थिंक ही इज इल’ यात सापडते. ‘आय थिंक’ संपलं, ‘ही’ आला. ‘ही’ हा कर्ता असल्याशिवाय तिथे येऊच शकत नाही, तेव्हा नवं वाक्य सुरू झालं हे कान लगेच ओळखतो. म्हणूनच ‘थिंक’, ‘नो’, ‘से’ ही रोजची क्रियापदं आणि पुढे सर्वनाम अशी जोडी असली की इंग्रज माणूस बोलताना ‘दॅट’ सहसा घेतच नाही. बायबर आणि सहकाऱ्यांनी 1999 साली प्रसिद्ध केलेल्या लाँगमनच्या मोठ्या व्याकरणात बोललेल्या आणि लिहिलेल्या इंग्रजीचा प्रचंड साठा तपासला आहे. संभाषणात ‘दॅट’ गाळण्याकडे कल, शास्त्रीय गद्यात तो ठेवण्याकडे, असं चित्र त्यातून स्पष्ट दिसतं. तेव्हा ‘दॅट’ गाळणं म्हणजे अशुद्ध बोलणं, असं जे काही जुने शिक्षक बजावतात, तेही टिकत नाही. मुलानं बोलताना प्रत्येक वाक्यात तो ठासून उच्चारला, तर ऐकणाऱ्याला तो ‘ते’ या अर्थाचा दर्शक शब्द वाटतो. जोडणारा ‘दॅट’ इंग्रजीत हलका, जवळजवळ ‘दट्’ असा उच्चारतात.

पण आता हे वाक्य घ्या, आपल्याच तालुक्याच्या बातमीतलं शोभेल असं: ‘द व्हिलेजर्स फिअर्ड द लेपर्ड हॅड रिटर्न्ड’. वाचणारा ‘द व्हिलेजर्स फिअर्ड द लेपर्ड’पर्यंत येतो आणि समजतो, गावकरी बिबट्याला भ्यायले. वाक्य पूर्ण झालं असं त्याला वाटतं, तोच ‘हॅड रिटर्न्ड’ पुढ्यात येतं आणि त्याला मागे फिरावं लागतं. बिबट्या परत आला असावा, अशी भीती गावकऱ्यांना होती, हे दुसऱ्या वाचनात कळतं. ‘फिअर्ड दॅट द लेपर्ड’ लिहिलं असतं तर ही ठेच लागली नसती. व्याकरणाच्या दृष्टीनं दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, पण वाचकासाठी सारखी नाहीत. क्रियापदानंतर लगेच नाम आलं आणि ते त्या क्रियापदाचं कर्म शोभू शकत असलं, तर ‘दॅट’ ठेवायचा, हे मुलाला पारखता येतं. आतलं वाक्य पुरं ऐकण्याआधी थांबून पाहायचं की इथवरचं वाक्य स्वतंत्र उभं राहतं का.

‘ही सेड यस्टरडे द रेट फेल’ यातही तीच अडचण आहे. तो काल म्हणाला, की भाव काल पडला? ‘यस्टरडे’च्या आधी ‘दॅट’ टाकला तर भाव काल पडला, नंतर टाकला तर तो काल म्हणाला. आडतीवरच्या हिशेबात हा फरक लहान नाही.

काही जागी तर वाचकाच्या सोयीचाही प्रश्न नाही, ‘दॅट’ काढताच येत नाही. आतलं वाक्य कर्ता होऊन अगदी आरंभी आलं, तर तो हवाच: ‘दॅट ही लेफ्ट अर्ली सरप्राइज्ड अस’. इथला ‘दॅट’ काढून पाहा, ‘ही लेफ्ट अर्ली’ हे मुख्य वाक्य वाटतं आणि पुढचं ‘सरप्राइज्ड’ लोंबकळतं. मराठीत हेच कसं होतं ते मुलाला विचारावं. ‘तो लवकर गेला याचं आम्हाला नवल वाटलं.’ आतलं वाक्य पुढे आलं की आपला ‘की’ चालेनासा होतो आणि वाक्याच्या शेवटी ‘हे’, ‘याचं’, ‘असं’ यांपैकी एखादी खूण लागते. ‘मला वाटतं तो येईल’ यात आपण ‘की’ सहज गाळतो, पण ‘तो येईल असं मला वाटतं’ यातला ‘असं’ गाळून पाहा. बोलताना मध्ये थांबून कसंबसं निभावेल, लिहिताना वाक्य दुभंगतं. इंग्रजी खूण आरंभी ठेवते, मराठी शेवटी. पण खूण केव्हा सोडता येते याचा हिशेब दोघींचा एकाच तऱ्हेचा आहे, आणि तो निमगावच्या मुलाला इंग्रजीच्या पहिल्या धड्याआधीपासून येतो.

नामाला जोडलेल्या वाक्यात मात्र मराठीची मदत थोडी कमी पडते. ‘बिबट्या परत आल्याची बातमी’ असं आपण म्हणतो. आत वाक्यच राहत नाही, धातुसाधित येतं. त्यामुळे मूल ‘द न्यूज द लेपर्ड हॅड रिटर्न्ड’ असं काहीतरी जुळवतं. इथे ‘द न्यूज दॅट द लेपर्ड हॅड रिटर्न्ड’ लिहायचं. ‘न्यूज’, ‘फॅक्ट’, ‘रूमर’ अशा नामांपाठोपाठ त्यांचा आशय सांगणारं वाक्य आलं, तर लिहिताना ‘दॅट’ सोडू नये. ‘रिप्लाय’, ‘व्हिस्पर’, ‘शाउट’ यांसारख्या क्रियापदांनंतरही तो सहसा ठेवतात.

परीक्षेत एवढं कोण तपासतं, असं कुणी म्हणेल. गाळलेल्या ‘दॅट’बद्दल सहसा गुण जात नाहीत, हे मलाही दिसतं; ‘दॅट व्हेअर’बद्दल आणि ‘डोन्ट नो दॅट... ऑर नॉट’बद्दल मात्र नक्की जातात. तेव्हा वर्गात क्रम उलटा करावा: आधी ‘की’च्या मागे काय आहे ते मुलाकडून ओळखून घ्यावं, विधान, प्रश्न की आज्ञा; मग त्याला जोड निवडू द्यावा; आणि जोड ‘दॅट’ निघाला तरच तो ठेवायचा की सोडायचा, हा प्रश्न त्याच्यापुढे टाकावा.