हम्दच्या आधी डासाचा खेळ

रबीउल अव्वल जवळ आला की आमच्या बोरीवलीत मुलांच्या हम्द-नातशरीफच्या तालमी सुरू होतात. बऱ्याचदा पद्धत एकच असते: मुलं ओळीत उभी करायची आणि ‘ज़ोर से पढ़ो’ म्हणायचं. दोन-तीन दिवसांत घसे बसू लागतात. माझं मत स्पष्ट आहे. आधी दहा मिनिटं आवाज तयार करून घेतल्याशिवाय मुलांना गायला लावू नये.

काही पालक विचारतात, अल्लाहच्या स्तुतीआधी हे खेळ कसले? वुजूशी मी त्यांची बरोबरी करत नाही. पण तयारी करून उभं राहणं आपल्याला नवीन नाही. शिवाय खेळ संपला की मुलं शांत होतात, आणि मगच हम्द सुरू होते.

माझ्या गटात बावीस मुलं आहेत. सुरुवात श्वासाने होते. एक हात पोटावर ठेवून चार मोजेपर्यंत नाकाने श्वास घ्यायचा आणि ‘स्स्स’ करत आठ मोजेपर्यंत सोडायचा. खांदे वर गेले तर श्वास छातीतच अडकला, असं समजावं. असे चार श्वास पुरेत. जास्त केले तर लहानांना गरगरतं.

मग रिक्षा. ओठ सैल सोडून ‘ब्रर्र’ करायचं. यात घशावर ताण न देता आवाज सुटतो. त्यानंतर डास. तोंड मिटून ‘म्म्म’ करत डास माझ्या बोटाबरोबर वर चढतो, खाली उतरतो. इथे शब्द नाहीत, सूर चुकण्याची भीती नाही, त्यामुळे लाजरी मुलंही वरच्या सुरापर्यंत सहज जातात. ओठ मिटलेले, पण दात किंचित विलग हवेत. ओठांना गुदगुल्या झाल्या तर गुणगुणणं बरोबर. घसा आवळला तर जोर जास्त झाला.

शेवटी ‘प म ग रे सा’ गुणगुणत खाली यायचं. इथे पट्टी महत्त्वाची. पुरुष शिक्षक आपल्या सोयीची काळी एक धरतात. त्या पट्टीत चालीतले खालचे सूर मुलांना लागत नाहीत, आवाज पुटपुटल्यासारखा येतो, आणि ‘ऐकू येत नाही’ म्हटलं की ती ओरडतात. मी पांढरी चार धरते. मात्र आवाज फुटू लागलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना या पट्टीत ओढू नये; त्यांनी खालच्या सप्तकात गावं.

तालीम संपल्यावर प्रत्येकाला एक वरचा सूर अगदी हळू गुणगुणायला सांगा. सुरुवातीला येणारा सूर आता नुसत्या हवेसारखा निघाला किंवा तुटला, तर त्या मुलाने जोर लावला आहे. दुसऱ्या दिवशी त्याने फक्त ऐकावं. सर्दी-खोकला असेल तरीही तेच. आणि तीन आठवडे उलटूनही आवाज बसलेलाच असेल, तर काढ्यावर न थांबता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यावं.

जलशात मोठा आवाज माइक देईल. मुलांनी फक्त सुरात गायचं आहे.